पहिला ट्रेक माहुलीचा : हवामान कसे पाहावे, सॅकमध्ये काय असावे?

प्रश्न : पहिल्यांदा गडावर जाणाऱ्यांसाठीचा सुरक्षिततेचा एक व्हिडिओ पाहिला. त्यात सामानाची लांबलचक यादी आहे आणि शेवटी ‘हवामान बघून जा’ एवढेच सांगितले आहे. आम्ही चौघे जुलैमध्ये ठाण्याहून माहुलीला जाणार आहोत. हवामान नेमके कसे बघायचे आणि यादीतले खरोखर काय लागते?

उत्तर : आदल्या दिवशी संध्याकाळी mausam.imd.gov.in या संकेतस्थळावर जिल्हानिहाय इशारा पाहावा. माहुली शहापूर तालुक्यात असल्यामुळे तुम्हाला ठाणे जिल्ह्याचाच इशारा लागू होतो. मात्र उद्या प्रबळगडाला किंवा पेबला जायचे ठरले, तर रायगड जिल्ह्याचा पाहावा लागेल. नवी मुंबईतली बरीच मंडळी इथेच चुकतात. नारंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत रद्द करावा. पिवळा असेल, तर ‘चालेल’ असे समजू नये. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ पाऊस मोजला जातो, परंतु तो दिवसभर रिमझिम पडला की दोन तासांत कोसळला, हे त्या आकड्यावरून कळत नाही आणि ओढ्याला फरक पडतो तो नेमका त्यानेच. शिवाय जिल्हा मोठा आहे. नौपाड्यात ऊन असताना माहुलीच्या माथ्यावर धुवाधार पाऊस असू शकतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी पर्यटनबंदीचे आदेश काढतात, तेही निघण्याआधी तपासावेत.

पावसाळ्यात माहुलीवर नवख्यांची खरी परीक्षा माथ्याजवळच्या लोखंडी शिडीवर होत नाही, ती परतताना वाटेतल्या ओढ्यावर होते. सकाळी घोट्याएवढे पाणी हसतखेळत ओलांडलेले असते, वर तीन-चार तास जातात आणि तेवढ्यात माथ्यावर पडलेला पाऊस खाली उतरतो. म्हणून जाताना ओढ्याकाठचा, पाण्याला अगदी लागून असलेला एखादा ओळखू येईल असा दगड हेरून त्याचा फोटो काढून ठेवावा. परतताना तो दगड बुडालेला दिसला, तर पाणी किती चढले आहे हे अंदाजावर सोडावे लागत नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणे, आवाज जड होणे, ही लोंढा येत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच पात्रातून बाहेर पडून उंच काठावर जावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल, तर ओलांडू नये. पाऊस थांबल्यावर डोंगरातले ओढे बहुधा काही तासांत ओसरतात, तेव्हा थांबणे हाच उपाय आहे. उथळ पाणी ओलांडतानाही पायांत बूट असू द्यावेत आणि सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे तोल गेला तर सॅक झटकन टाकता येते.

थांबण्याची सोय सॅकमध्ये असावी लागते आणि यादीतले काय घ्यायचे ते यावरूनच ठरते. प्रत्येकाकडे दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, घरून आणलेली पोळीभाजी आणि वर थोडे चिक्की-खजूर असावेत. दिवसाचा ट्रेक असला तरी टॉर्च प्रत्येकाकडे हवी, कारण मोबाइलची बॅटरी अशा वेळी फोनसाठी राखायची असते. डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, हात मोकळे राहतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड, मोबाइल आणि औषधे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावीत. सॅकच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नये, पाठीकडून पाणी आत शिरतेच. शिट्टी, बँडेज आणि क्रेप बँडेज घ्यावे. खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, गुळगुळीत झालेले रोजचे स्पोर्ट्स शूज शेवाळलेल्या दगडावर घसरतात. छत्री आणि जीन्स मात्र घरी ठेवावी : छत्रीने एक हात अडकतो आणि वाऱ्यात तोल जातो, तर जीन्स भिजली की जड होऊन पाय उचलू देत नाही.

वेळेचे गणित आधी मांडावे. पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरून रिक्षाने माहुली गावात पोहोचावे आणि साडेसातपर्यंत चढायला लागावे. वाट विचारण्यापेक्षा गावातला वाटाड्या घेणे मी सुचवेन. नवख्यांना चढायला तीन तास सहज लागतात, म्हणून साडेअकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचे, असे चौघांनी खालीच ठरवावे. शिडीशी पोहोचून माथा पाच मिनिटांवर राहिला असला तरीही. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे आणि उतरताना तोंड शिडीकडेच ठेवावे. वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून माथा, कडा, एकटे झाड आणि लोखंडी शिडी यांपासून दूर व्हावे. विजा चमकत असताना शिडी उतरण्याची घाई करू नये.

वर नेटवर्कचा भरवसा नसतो. त्यामुळे कोणत्या वाटेने जाणार, वाटाड्याचा क्रमांक आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास ११२ वर कळवायचे, हे घरच्या एका माणसाला लिहून द्यावे. ती वेळ तुमच्या परतण्याच्या अंदाजापेक्षा तीनेक तास पुढची ठेवावी, नाहीतर ओढ्याकाठी तुम्ही शहाणपणाने थांबलेले असाल आणि घरच्यांच्या काळजीपोटी गावकरी मात्र चिखलातून तुम्हाला शोधत फिरतील.