स्टँडर्ड दुपारी का चढतं?

*सर, मी रत्नागिरीत एम.एस्सी. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये यूव्ही यंत्रावर गोळ्यांचा अ‍ॅसे करते, म्हणजे गोळीत औषध किती टक्के आहे ते मोजते. सकाळी आकडे बरोबर येतात, दुपारनंतर मात्र त्याच गोळ्यांचे कमी येतात. गाईड म्हणतात, तुझा हात स्थिर नाही. लोटे एमआयडीसीतल्या एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, जायचं मनात होतं. आता दुसरं काही बघू का?*

एवढ्यावरून क्षेत्र बदलू नकोस. हात अस्थिर असला तर पिपेटमधून कधी जास्त जातं, कधी कमी, आणि आकडे दोन्ही बाजूंना विखुरतात. तुझे रोज एकाच बाजूला सरकतात, तेही दिवस चढेल तसे. हे हाताचं लक्षण नाही.

माझ्याकडे मागे देवरुखचा एक मुलगा हेच गाऱ्हाणं घेऊन आला होता. तो मेथनॉलमध्ये पॅरासिटामॉल मोजत असे. सकाळी १० मिलीच्या फ्लास्कमध्ये ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण, करायचा आणि त्याचं रीडिंग यायचं ०.७२. दुपारी तेच स्टँडर्ड ०.७६ दाखवायचं. सँपल तो दर वेळी ताजं करायचा, पण हिशोब या चढलेल्या स्टँडर्डवर व्हायचा. त्यामुळे सकाळची ९९.८ टक्क्यांची गोळी दुपारी ९४.८ वर यायची.

त्याचा पहिला संशय यंत्राच्या दिव्यावर होता, पण ब्लँकचं, म्हणजे नुसत्या मेथनॉलचं, रीडिंग दिवसभर जागचं हललं नव्हतं. मग मी त्याला दुपारी चार वाजता नवं स्टँडर्ड करून जुन्याशेजारी मोजायला सांगितलं. नवं ०.७२, जुनं ०.७६. यंत्र एकच, वेळ एकच, म्हणजे बदल जुन्या फ्लास्कमध्येच झाला होता. औषध विघटित झालं असतं तर रीडिंग सहसा उतरतं. इथे ते चढलं होतं, कारण औषध होतं तेवढंच राहिलं आणि मेथनॉल उडालं.

तो सकाळी सगळी बुचं काढून ट्रेमध्ये ठेवायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडायला नको. वर पंखा चालू. त्याला हे पटेना. "सर, इथल्या दमट हवेत कपडे वाळत नाहीत, मेथनॉल काय उडणार?" पण हवा दमट असते ती पाण्याच्या वाफेने. मेथनॉलची वाफ हवेत जवळजवळ नसतेच, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरही ते सुखेनैव उडतं. उलट उघडं मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

खात्रीसाठी त्याने दोन फ्लास्क मेथनॉलने खुणेपर्यंत भरले, एकाला बूच लावलं, दुसरा उघडा ठेवला आणि दोन्ही वजन करत राहिला. बूच लावलेला स्थिर राहिला. उघड्याचं वजन दुपारपर्यंत ०.१६ ग्रॅमने घटलं. मेथनॉलची घनता साधारण ०.७९, म्हणजे सुमारे ०.२ मिली गेलं. १० मिलीत हे फक्त दोन टक्के होतात, आणि त्याची चूक तर पाच टक्क्यांची. तो पुन्हा निराश झाला.

इथेच खरी गोम होती. त्याच्या खऱ्या फ्लास्कमध्ये दुपारी १० मिली उरतच नव्हते. सकाळी क्युव्हेट, म्हणजे यंत्रात ठेवायची छोटी कुपी, विसळून भरण्यात सहा मिली संपायचे. वाफ किती बाहेर पडणार हे मुख्यतः मान किती रुंद आहे आणि वर वारा किती आहे यावर ठरतं, आत किती द्रव आहे यावर फारसं नाही. म्हणून उरलेल्या चार मिलीतूनही साधारण तेवढेच ०.२ मिली जायचे. ४ भागिले ३.८ म्हणजे १.०५. ०.७२ ला याने गुणलं की ०.७६. हिशोब जुळला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तू आधी ताज्या स्टँडर्डची ही चाचणी कर. ताजंही ०.७६ सारखं चढलेलं आलं तर मेथनॉलचा दोष नाही, यंत्राकडे बघ. उडण्याचंच कारण निघालं तर लागेल तेवढं द्रावण छोट्या बीकरमध्ये ओतून घे आणि फ्लास्क लगेच त्याच्याच बुचाने बंद कर. पंख्याखाली ठेवू नकोस. कमी झालेलं मेथनॉल खुणेपर्यंत भरून काढायचा मोहही टाळ, कारण त्यातून द्रावण आधीच वापरलेलं असतं. तसं केलंस तर स्टँडर्ड नुसतं पातळ होईल. दर पाच-सहा सँपलनंतर स्टँडर्ड पुन्हा मोज. रीडिंग दोन टक्क्यांपेक्षा जास्त सरकलं तर मधली सँपल पुन्हा करायची. क्यूसीतही स्टँडर्ड असंच मध्ये मध्ये तपासतात, त्यामुळे ही सवय तुला तिथे नव्याने लावावी लागणार नाही.

आधीच्या दुपारच्या आकड्यांना १.०५ ने गुणून "दुरुस्त" करू नकोस. रोज किती उडालं हे तुला माहीत नाही. ते आकडे वहीत तसेच राहू देत, शेजारी कारण आणि तारीख लिही, आणि त्या गोळ्या नव्याने मोज. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारलं तर ते पान उघडून दाखव.