दोन काळांची कथा: वाचक नक्की कुठे हरवतो?

प्रश्न: माझ्या कथेत दोन काळ आहेत. एक १९६१, पानशेतचा पूर, शनिवार पेठेतल्या वाड्यात राहणारी सुमन. दुसरा २०१९, सुमन वारल्यावर सहकारनगरचा फ्लॅट रिकामा करणारी तिची नात ईशा. दोन्हीकडे एक जुनं शिलाई मशीन आहे. एक तुकडा तिकडचा, एक इकडचा, असे १२ तुकडे, साधारण ५००० शब्द. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, "मध्येच कुठे आहोत तेच कळत नाही." प्रत्येक तुकड्यावर साल टाकू? जुना काळ तिरक्या टाइपात देऊ? की एक काळ वर्तमानकाळात लिहू?

उत्तर:

तिरक्या टाइपाचा विचार आधी सोडून द्या. देवनागरीचे तिरके अक्षर मोबाइलवर दोन ओळींच्या पुढे वाचवत नाही आणि तुमची अर्धी कथा जुन्या काळात आहे. साल टाकायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या दोन-तीन तुकड्यांनंतर मथळ्यांवरून नजर सरळ खाली घसरते, बहुतेक वाचकांचे असेच होते. काळ कळायला हवा तो तुकड्याच्या पहिल्या दोन वाक्यांतून.

तिथे काय होते ते बघा. समजा तुकडा असा सुरू झाला: "सकाळपासून पाऊस थांबत नव्हता. ती खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती." ही सुमन की ईशा? पाऊस दोन्हीकडे आहे, खिडकी दोन्हीकडे आहे आणि "ती" तर कोणीही असू शकते. वाचक अंदाज बांधतो, चार ओळींनी तो चुकतो, मग परत वर जातो. असे दोनदा झाले की त्याचा लेखकावरचा भरवसा उडतो, आणि तुमच्या मित्रांची तक्रार बहुधा याच जागची आहे.

आता हे वाचा: "सुमनने शेगडीवरून आधण उतरवलं तोच बाळू जिना चढत ओरडला, 'वहिनी, ओंकारेश्वरापाशी पाणी लागलंय.'" आणि हे: "ईशाने पॅकर्सवाल्याला तिसऱ्यांदा फोन लावला." दोन्हीकडे साल नाही, तरी शंका उरत नाही. नाव पहिल्याच शब्दात आले आणि त्या काळापुरतीच असणारी एक गोष्ट त्याला जोडून आली. शेगडी, वाड्याचा जिना, "वहिनी" ही हाक एका बाजूला, पॅकर्स आणि फोन दुसऱ्या बाजूला. अशी एकच खूण पुरते. कंदील, नवे पैसे, रेडिओ, नऊवारी असे सगळे एकाच परिच्छेदात कोंबले की कथेचे वस्तुसंग्रहालय होते.

नावांचा घोळ मराठीत जास्त होतो, कारण आपण माणसाला नात्याने हाक मारतो. १९६१ मधली सुमन २०१९ मध्ये "आजी" आहे, ईशाच्या बाबांसाठी "आई" आहे, सोसायटीत "केळकरकाकू" आहे. त्यात लग्नात नाव बदलण्याची पद्धत. तिचे माहेरचे नाव कुसुम असेल आणि ते एखाद्या संवादात डोकावले, तर वाचकाच्या हिशेबी आणखी एक बाई कथेत आली. निवेदनात एका काळाला एकच नाव ठेवा: तिकडे सुमन, इकडे आजी. संवादात पात्रे काहीही म्हणोत. आणि आजी म्हणजेच सुमन हे पहिल्या तुकड्यातच एकदा दाखवून टाका. ईशा पुनर्विकासाची कागदपत्रे लावते आहे, शेअर सर्टिफिकेटवर "सुमन दत्तात्रय केळकर" लिहिलेले आहे, झाले काम. माहेरचे नाव कथेला नको असेल तर काढून टाका.

क्रियापदांच्या काळाबद्दल: ईशाचा भाग वर्तमानकाळात लिहिला तर चालेल, पण त्याने गोंधळ मिटेल असे समजू नका. आपल्याकडे जुनी गोष्ट रंगवून सांगतानासुद्धा "तो येतो, दार वाजवतो" असेच सांगतात. त्यामुळे मराठी वाचक वर्तमानकाळी क्रियापद पाहून "हे आजचे" असे आपोआप धरत नाही. उलट दोष मात्र नेहमी दिसतो: जुना काळ म्हणून "आली होती, म्हणाली होती, ठेवलं होतं" असे पानभर "होते" लावत जाणे. त्याने सुमनचा भाग घडत असलेला न वाटता कोणीतरी आठवून सांगितलेला वाटतो. तिच्या तुकड्यात सुमनचा आजच "आज" आहे. "ती आली, म्हणाली, तिने ठेवलं" असे साध्या भूतकाळात लिहा.

याच कारणाने सुमनच्या भागातून "त्या काळी", "तेव्हाच्या पुण्यात", "अजून फ्रिज आले नव्हते" असे शब्द शोधून काढून टाका. "त्या काळी" म्हणणारा माणूस २०१९ मध्ये बसलेला असतो. वाचक वाड्यात पोचलेला असतो आणि हे दोन शब्द त्याला परत सहकारनगरात आणून सोडतात. सुमनला फ्रिज नसल्याची जाणीव नाही, तिला दूध नासेल एवढेच कळते. तसेच सुमनच्या भागातून आणखी मागे जाऊ नका. तिचे लग्न, घरमालकीण गोदाक्कांशी पहिली भेट हे आठवणीतून सांगायला घेतले की दोनाचे तीन काळ होतात. फारच गरज असेल तर एखाद्या वाक्याच्या संवादात उरका.

आता खरी गोम. मला वाटते तुमच्या कथेत वाचक "केव्हा"मध्ये जितका हरवतो त्याहून जास्त "कोणाला काय ठाऊक आहे" यात हरवत असेल. दोन काळांच्या कथेत ठाऊक असण्याच्या तीन पातळ्या असतात: सुमनची, ईशाची आणि वाचकाची. तुकडे नुसते आलटून पालटून लावले की तीच माहिती दोनदा येते, आणि दुसऱ्यांदा ती नवी असल्यासारखी येते. मग वाचकाला वाटते, हे आपण आधी वाचले की नाही?

तुमच्या मशीनवरच करून बघू. पहिल्या तुकड्यात ईशाला मशीन सापडते. त्यावर खिळ्याने कोरलेली "गो. जो." ही अक्षरे आहेत आणि आपल्या घरात जो. कोणीच नाही. प्रश्न तयार झाला: हे कोणाचे? दुसऱ्या तुकड्यात, पुराच्या बुधवारी सकाळी, सुमन घरमालकीण गोदाक्का जोशींच्या मशीनवर बाळाची झबली शिवते आहे. प्रश्न लगेच सुटला, आणि सुटू द्या. तो १२ तुकडे ताणण्याइतका मोठा नाही. त्या जागी मोठा प्रश्न उभा राहिला: गोदाक्कांचे मशीन सुमनकडे आले कसे?

इथून पुढे वाचकाला ईशापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यामुळे तिसऱ्या तुकड्यात ईशाने बाबांकडून "अगं, ते गोदाक्कांचं!" असे मोठ्या धक्क्याने ऐकायचे नाही. वाचकाचा धक्का शिळा झाला आहे. त्यापेक्षा ईशाला चुकीचे वाटू द्या, की आजीने ते जुन्या बाजारातून घेतले असेल. आणि तिला एक नवी गोष्ट दिसू द्या: वरचे मशीन एका कंपनीचे आहे आणि खालचा पायडलचा स्टँड दुसऱ्या कंपनीचा. ती ते पाहते आणि सोडून देते. वाचक सोडत नाही. चौथ्या तुकड्यात पेठेत पाणी शिरते आहे आणि दोघी बायका स्क्रू सोडवून वरचे ओतीव लोखंडाचे धूड स्टँडवरून मोकळे करताहेत. सुमनच्या एका कडेवर मूल आहे. स्टँड का वेगळा ते कळले, पण त्याच वेळी दिसले की मूल आणि मशीन दोन्ही उचलून एकटीला जिना उतरता येणार नाही. मग मशीन नेले कोणी, आणि गोदाक्का कुठे गेल्या?

इकडे परिणाम आधी दिसला, तिकडे कारण नंतर घडले, आणि कारण सांगता सांगता पुढचा प्रश्न निघाला. अशी जोडणी असली की काळ बदलला तरी वाचकाच्या हातातला धागा तुटत नाही, कारण तो सालाच्या नव्हे तर प्रश्नाच्या मागे चाललेला असतो. दर वेळी मात्र इतके चोख जमवू नका. तिसऱ्यांदा तीच चाल दिसली की ती ओळखीची होते. एखादा तुकडा मशीनचे नावही न घेता जाऊ दे.

पूर येणार हे सुमनच्या भागात लपवण्यात अर्थ नाही. १२ जुलै १९६१ म्हटले की पुण्याच्या वाचकाला पुढचे ठाऊक असते: सकाळी पानशेतचे धरण फुटले, मग खडकवासल्याचे गेले. नागपूरच्या किंवा पणजीच्या वाचकाला कदाचित तारीख लागणार नाही, म्हणून पहिल्या तुकड्यात बाबांच्या तोंडी "पानशेतच्या पुरानंतर आई इकडे आली" एवढे असू द्या. सुमनला मात्र दुपारपर्यंत काही ठाऊक नाही. तिने शांतपणे झबल्याला बटण लावणे हाच तिथला ताण आहे.

या एका दिवसाचा तुम्हाला आयता फायदाही आहे. सुमनचा सगळा भाग एका दिवसात बसतो, ईशाचा फ्लॅट रिकामा होईपर्यंत महिना-दीड महिना पसरतो. म्हणून मथळे द्यायचेच तर फक्त सुमनच्या तुकड्यांना द्या, आणि तेही सालाचे नको, वेळेचे: "सकाळ", "दुपार", "दिवेलागण, पण वीज नाही". ईशाच्या भागाला काहीच नको. मथळा आहे म्हणजे वाडा, नाही म्हणजे फ्लॅट, हे वाचक दुसऱ्या फेरीतच शिकतो.

दोन्हीकडे मशीन असल्यामुळे एक मोह होईल: इकडचा तुकडा मशीनवरच्या हातावर संपवायचा आणि तिकडचा मशीनवरच्या हातावरच सुरू करायचा. एकदा करा, दोनदा नको. करताना मशीनची अवस्था वेगळी दिसू द्या. ईशा चाक फिरवते आणि ते गंजून अडकलेले आहे. पुढच्या ओळीत सुमनच्या हाताखाली तेच चाक तेल घातलेले, भरभर फिरते आहे. ही अवस्था नुसती शोभेची नाही, साल तीच सांगते.

तपासायला मथळे काढून टाका आणि प्रत्येक तुकड्याची फक्त पहिली दोन वाक्ये वेगळ्या कागदावर, क्रम मोडून उतरवा. कथा न वाचलेल्या कोणाला तरी विचारा: कोणती वाड्यातली, कोणती फ्लॅटमधली? जिथे तो थबकेल तेवढीच वाक्ये दुरुस्त करा. दुसरे म्हणजे सुमनचे सगळे तुकडे सलग वाचा, मग ईशाचे. ईशाचे सलग वाचताना कंटाळा आला, तर वाचकही तिच्या तुकड्यांतून सुमनकडे पळायची वाट बघत असणार, आणि पळत वाचणारा माणूस हमखास चुकतो. ईशाला स्वतःची काहीतरी अडचण हवी. बिल्डरच्या मुदतीआधी मशीन भंगारात द्यायचे की ठेवायचे, आणि ठेवायचे तर नव्या वन-बीएचकेत कुठे, एवढीसुद्धा पुरेल.

शेवटी तुकड्यांची संख्या. ५००० शब्दांत १२ म्हणजे एकाला जेमतेम सव्वाचारशे शब्द. वाचक रुळतो न रुळतो तोच त्याला उठवता आहात. सात किंवा आठ करा, आणि सगळे सारख्या लांबीचे नकोत. दुपारचा, पाणी चढतानाचा तुकडा हजार-बाराशे शब्दांचा सलग होऊ द्या. त्याच्या मध्ये ईशाला आणू नका. त्यानंतरचा ईशाचा तुकडा दीडशे शब्दांत आटोपला तरी चालेल. कापायला कोणते घ्यायचे ते सोपे आहे: ज्या तुकड्यानंतर वाचकाला आधीपेक्षा काही जास्त कळलेले नसते, ते आधी काढा.