फॉर्मवर ‘समाधानी’, पण पुढच्या वेळी दुसऱ्याच्या दारात

प्रश्न: ग्राहक समाधान आणि ग्राहक अनुभव यात नेमका फरक काय? धुळ्यात माझं एसी-फ्रिज सर्व्हिसिंगचं काम आहे. काम झाल्यावर फॉर्म भरून घेतो, बहुतेक लोक पाचपैकी चार-पाच देतात. तरी पुढच्या वर्षी त्यातले बरेच दुसऱ्याला बोलावतात. असं का होतं?

उत्तर:

तुमच्या फॉर्मवर लोक खोटं लिहीत नाहीत. फॉर्म विचारतो एक आणि पुढच्या उन्हाळ्यात फोन कुणाला लावायचा हे ठरतं दुसऱ्याच गोष्टीवर.

समाधान हा हिशोब आहे. मनात धरलं होतं किती आणि पदरात पडलं किती, यातला फरक. ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 साली हे नीट मांडलं आणि आजचे बहुतेक फीडबॅक फॉर्म त्याच पायावर उभे आहेत. एसी गार होत नव्हता, आता होतो, म्हणून पाचपैकी चार. त्यात समोर तुमचा माणूस पेन घेऊन उभा. आपल्याकडे तोंडावर ‘दोन’ कोण लिहितं?

अनुभव म्हणजे बिघाड लक्षात आल्यापासून पैसे देऊन तुमचा माणूस गेटबाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईकाच्या मनातून जे जे गेलं ते सगळं. पण ते सगळं कुणाच्या लक्षात राहत नाही. उरतात दोन-तीन क्षण, आणि पुढच्या वेळी माणूस तेवढेच आठवून ठरवतो.

माझं चोपडा तालुक्यात मोटर भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर पानं मान टाकतात, चार दिवस चुकलं तर घडाचं वजन जातं. त्यात शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. स्टार्टरला ऑटो लावून माणूस झोपतो, रात्री एक फेज गेलेला असतो आणि सकाळी मोटर जळालेली. तेव्हा फोन येतो, “मोटर जयी गयी भाऊ, पानी कव्हय चालू व्हई?” आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाच्या जिवाची सगळ्यात जास्त घालमेल होते ती या फोनच्या वेळी. काम अजून सुरूही झालेलं नसतं.

मागच्या हंगामात एक केळीवाला आमच्याकडे पहिल्यांदाच आला. आधीची मोटर त्यानं दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये भरली होती. काम कसं होतं, म्हणून विचारलं. म्हणाला, “काम एक नंबर. दोन वर्षं चालली. तीन दिवस सांगितले होते, दोन दिवसांत दिली.” मग इकडे कसे काय? तेव्हा त्यानं जे सांगितलं त्यात वाइंडिंगचा विषयच नव्हता. दोन दिवस तो फोन करत राहिला आणि कुणी उचलला नाही. मोटर बोअरमध्ये सोडली, पाणी सुरू झालं, आणि तिथेच बांधावर सालदाराच्या देखत बिल हातात ठेवलं. त्यात थ्रस्ट बेअरिंग आणि बुश बदलल्याचे पैसे होते, जे आधी कुणी बोललं नव्हतं. वर जुन्या तारेचं काय झालं ते विचारलं तर उत्तर गोल-गोल. जळालेल्या वाइंडिंगचं तांबं म्हणजे मोडीतही रोकडा पैसा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या माणसाला त्या दिवशी फॉर्म दिला असता तर त्यानं ‘समाधानी’वरच टिक केली असती. वेळेआधी काम, चांगलं काम, मग नाही कशाला म्हणायचं? पण दोन वर्षांनी आठवलं ते न उचललेला फोन आणि बांधावरचं बिल.

यामागचं कारण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. 1993 च्या एका प्रयोगात त्यांनी लोकांना एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात साठ सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस. त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलेलं. दुसऱ्या वेळचा त्रास उघडच जास्त. तरी पुन्हा एकदा यातलं कुठलं करायला आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. पुढे आतड्याच्या दुर्बीण तपासणीच्या रुग्णांतही हेच दिसलं. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीशी संबंध जवळजवळ नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण, या दोघांवर आठवण बेतलेली.

आता आमच्या कामात तीव्र क्षण कोणता? मोटर जळाल्यापासून पाणी सुरू होईपर्यंतची वाट पाहणं, आणि त्यातही काही न कळता वाट पाहणं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत थांबण्याबद्दल लिहिताना म्हटलं आहे की किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं आणि उशिराचं कारण कळलं नाही, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. शेतकरी तीन दिवस थांबतो. कळलं की शेजाऱ्याच्या विहिरीवरून एक रात्र पाणी मागून घेतो, आधी कुठल्या ओळी भिजवायच्या ते ठरवतो. कळलं नाही की वर्कशॉपच्या दारात येऊन बसतो आणि केळीच्या नावानं जीव टांगणीला लावतो.

आम्ही त्याच हंगामात केलेलं एक काम सांगतो. साडेसात एचपीची सबमर्सिबल मोटर. सांगितले होते दोन दिवस, लागले तीन, कारण थ्रस्ट बेअरिंग चोपड्यात मिळालं नाही, जळगावहून मागवावं लागलं. म्हणजे समाधानाच्या हिशोबात आम्ही आधीच उणे. पण मोटर उघडली तेव्हा मालकाला समोर उभं केलं. स्टार जोडणीच्या मोटरीत एक फेज गेला की दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसरीच्या जशाच्या तशा राहतात. त्यानं ते बोट लावून पाहिलं. मोटर आपल्या चुकीनं नाही, फेज गेल्यानं गेली हे कळल्यावर त्याचा चेहरा सैल झाला, कारण घरी वडिलांचे बोल ऐकून आला होता. काढलेली तार त्याच्यादेखत काट्यावर टाकली आणि वजन कार्डावर लिहिलं. हवी तर ने, नाहीतर आजच्या भावानं बिलातून वजा. त्यानं वजा करायला सांगितलं. बेअरिंगचे पैसे, बुशचे पैसे, सगळं तिथेच वर्कशॉपमध्ये बोलून झालं. रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या पोरानं त्याला फोन केला, सांगण्यासारखं काही नसलं तरी. दुसऱ्या दिवशीचा फोन एवढाच होता, “बेअरिंग आज आलं नाही, उद्या सकाळच्या एसटीनं येतंय.”

मग शेवट. बिलाचं बोलणं आधीच संपलेलं असल्यानं बांधावर पैशाचा विषयच निघाला नाही. मोटर बोअरमध्ये सोडली, पॅनल चालू केलं, पाणी आलं. इथे बहुतेक मेकॅनिक दोरी गुंडाळून निघतात. आमचा पोरगा आणखी पंधरा मिनिटं थांबला, टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचे अँपिअर मोजले आणि मालकाला आकडे वाचायला लावले. तिन्ही जवळजवळ सारखे. हे काम तांत्रिकदृष्ट्याही लागतंच, एखादा फेज जास्त खेचत असेल तर तिथेच कळतं. पण त्या माणसाच्या डोक्यात शेवटची आठवण राहिली ती पाण्याची धार आणि स्वतः वाचलेले तीन आकडे. त्यानं नंतर चुलतभावाला आमच्याकडे पाठवलं. दिवस किती लागले हे त्या चुलतभावाला माहीतही नव्हतं.

दोन्ही ठिकाणी वाइंडिंग चांगलंच झालं होतं, दरही उन्नीस-बीस. उलट वेळ आमच्याकडे जास्त लागला.

याला मर्यादा आहेत, आणि धंद्याचे क्लास घेणारे त्या सांगत नाहीत. मोटर पंधरा दिवसांत पुन्हा जळाली तर वरचं सगळं पुसलं जातं, कारण आता शेवट बदलला. बिघाडानंतर चांगली माफी आणि झटपट दुरुस्ती मिळाली की गिऱ्हाईक आधीपेक्षा घट्ट होतं, असंही म्हणतात. पहिल्या वेळी कधीकधी होतं तसं. दुसऱ्यांदा तीच चूक झाली की होत नाही. आणि शेवट गोड करायचा म्हणून चहा पाजला, कॅलेंडर दिलं, पण बिलात न बोललेली रक्कम घातली, तर चहाची आठवण उलटी चिडवते. शिवाय सगळं आपल्या हातात नसतं. डीपीवरून व्होल्टेजच कमी येत असेल तर मोटर पुन्हा जळते आणि नाव आपलं खराब होतं. म्हणून आम्ही कार्डाच्या मागे त्या दिवशीचं तिन्ही फेजचं व्होल्टेज लिहून देतो.

तुमच्याकडे काय चाललंय ते कळायला फॉर्म पुरणार नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक, जॉब कार्डावर गिऱ्हाईकाचा प्रत्येक ‘झालं का?’वाला फोन टिंब मारून नोंदायचा. एका कामावर तीन-चार टिंबं म्हणजे तो माणूस अंधारात होता, मग काम कितीही वेळेत झालेलं असो. दुसरं, काम झाल्यावर वीसेक दिवसांनी दुसऱ्याच कुणीतरी फोन करायचा आणि मार्क मागायचे नाहीत. “मागच्या वेळचं काय आठवतं?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. पहिल्या वाक्यात जे येईल तेच त्याच्याकडे उरलं आहे. सुरुवातीला ऐकवत नाही, पण खोट कुठे आहे ते लगेच कळतं.

एसीच्या कामात माझा अंदाज असा की तुमचा शेवटचा क्षण बहुधा गॅसच्या पैशावर घासाघीस करण्यात किंवा पलंगावर पडलेल्या धुळीत अडकला असेल. गॅस किती कमी आहे ते गेजवर गिऱ्हाईकाला आधी दाखवून, दर ठरवून मगच भरा. आणि निघण्याआधी ग्रिलसमोर थर्मामीटर धरून आकडा त्यालाच वाचू द्या. पुढचा एक महिना वर सांगितलेली टिंबं मारून पाहा. बहुतेक टिंबं तुमचा माणूस कधी येणार हेच विचारणाऱ्या फोनची निघाली, तर आधी तिकडे लक्ष द्या, फॉर्म नंतर बदला.