‘आय’ म्हणजे नक्की कोण?

“मॅडम, मी ‘दॅट’ लिहिलं, अवतरणचिन्हं काढली, ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ पण केलं. तरी अख्खं वाक्य चूक कसं? मला इंग्रजी ग्रामर जमणारच नाही का?”

डायरेक्ट-इनडायरेक्टच्या प्रश्नावर फुली बसलेली अनेक मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की उत्तरपत्रिका उघडण्याआधीच कोणती चूक असेल याचा अंदाज येतो. इथे मी नववीतल्या एका मुलाबद्दल सांगते. त्याला आपण ओंकार म्हणू. आमच्या चार-पाच भेटींतलं मोजकंच इथे घेतेय.

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते. ‘मला जमणारच नाही’ हे वाक्य मी मुलाच्या तोंडून ऐकून घेते आणि लगेच पुरावा मागते. ओंकारचा पुरावा एवढाच होता:

मूळ वाक्य: नेहा सेड टू मी, “आय हॅव लॉस्ट माय पर्स अँड आय ॲम वेटिंग फॉर माय ब्रदर हिअर.”

ओंकारचं उत्तर: नेहा टोल्ड मी दॅट आय हॅव लॉस्ट माय पर्स अँड आय ॲम वेटिंग फॉर माय ब्रदर हिअर.

मी त्याला मोजायला सांगितलं. त्याने केलेले बदल तीन आणि तिन्ही अवतरणचिन्हांच्या आसपासचे. आत बदलायच्या जागा किती? ‘आय’ दोनदा, ‘माय’ दोनदा, क्रियापदं दोन आणि एक ‘हिअर’. एकूण सात. या सातही जागा जशाच्या तशा होत्या. फुली त्यासाठी होती.

“पण मॅडम, नियम मला पाठ आहे. एस-ओ-एन, वन-टू-थ्री.” त्याने तो घडाघडा म्हणूनही दाखवला: प्रथम पुरुष कर्त्याप्रमाणे, द्वितीय पुरुष कर्माप्रमाणे, तृतीय पुरुषात बदल नाही. नियम येतो आणि तरी हात तो पाळत नाही, असं दिसलं की मी नियम पुन्हा शिकवत बसत नाही. हाताला थांबवणारं काय आहे, ते शोधते.

“सकाळी आई तुला काय म्हणाली?”

“म्हणाली, मला आज उशीर होईल.”

“हे बाबांना सांग बरं.”

“बाबा, आई म्हणाली की मला आज उशीर होईल.”

“बाबांना काय कळलं?”

“आईला उशीर होईल.”

“आता हेच इंग्रजीत सांग.”

“मदर सेड दॅट आय विल बी लेट टुडे.”

“उशीर कुणाला होणार?”

तो “आईला” म्हणायला गेला आणि अडखळला. वाक्य पुटपुटून पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, “मला? हे तर मी उशिरा येणार असं झालं!”

या क्षणासाठी मी घाई करत नाही. मूल स्वतःच्या वाक्यात स्वतःलाच सापडतं, त्यानंतर ‘आय’चं ‘शी’ का करायचं हे सांगावं लागत नाही. ओंकारने लगेच नेहाचं वाक्य पुढे ओढलं. “म्हणजे माझ्या उत्तरात पर्स माझी हरवली, आणि भाऊ पण माझाच!”

त्याची चूक आळसातून आली नव्हती, मराठीतून आली होती. मराठीत ‘की’ लावून आपण समोरच्याचं बोलणं जवळजवळ तसंच पुढे देतो, त्यातला ‘मी’सुद्धा तसाच राहतो आणि ऐकणाऱ्याला तो कुणाचा ते कळतं. ‘ती’ केलं तरी चालतं, पण करावंच लागत नाही. इंग्रजीत ‘दॅट’ आलं की पुढचा प्रत्येक ‘आय’ निरोप सांगणाऱ्याचा होतो.

सर्वनामं सुटली. पुढच्या भेटीत त्याने लिहून आणलं: शी हॅज लॉस्ट हर पर्स अँड शी इज वेटिंग. त्याच्या मते काळही बदलला होता, कारण ‘हॅव’चं ‘हॅज’ झालं आणि ‘ॲम’चं ‘इज’. ही फसगत फार मुलांची होते. ‘शी’ आली म्हणून क्रियापदाने रूप बदललं, पण ते वर्तमानकाळातच राहिलं. वहीत बदल दिसतो, म्हणून मूल निर्धास्त होतं, आणि पेपरात पुन्हा फुली.

“मग ‘वॉज वेटिंग’ का नाही लिहिलंस?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मॅडम, ‘वॉज’ लिहिलं तर ती आधी वाट बघत होती असं होईल ना? ती तर तेव्हा बघतच होती.”

माझ्या मते आमच्या सगळ्या भेटींतलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. मराठीच्या हिशेबाने तो शंभर टक्के बरोबर होता. ‘नेहा म्हणाली की ती वाट बघतेय’ म्हणजे बोलली तेव्हा बघत होती. ‘नेहा म्हणाली की ती वाट बघत होती’ म्हटलं, तर मराठी कानाला त्याही आधीची गोष्ट वाटते. मराठी आतलं क्रियापद नेहाच्या घड्याळावर ठेवते. इंग्रजी ते सांगणाऱ्याच्या घड्याळावर आणते: ‘टोल्ड’ भूतकाळात गेलं, म्हणून आतलंही एक पायरी मागे. ओंकार अर्थ बिघडू नये म्हणून काळ बदलत नव्हता. हे त्याला सांगितल्यावर त्याचे खांदे सैल झाले.

मग मी कागदावर पायऱ्या काढल्या. ‘ॲम वेटिंग’ मागे सरकून ‘वॉज वेटिंग’. ‘हॅव लॉस्ट’ मागे सरकून ‘हॅड लॉस्ट’. नुसतं ‘लॉस्ट’ असतं तरी ‘हॅड लॉस्ट’च. आधीच ‘हॅड लॉस्ट’ असेल तर मागे पायरी नाही, ते तिथेच थांबतं. ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’. बाहेर ‘सेज’ असेल तर कुणी मागे गेलेलंच नाही, म्हणून आतला काळ हलवायचा नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारखं कायमचं सत्यही वर्तमानात राहू शकतं. नेहमीच्या बोलण्यात इंग्रजी माणसं अजूनही खरी असलेली गोष्ट वर्तमानात ठेवतात, हे चौकस मुलं बरोबर पकडतात. परीक्षेत मात्र काळ बदललेलाच हवा असतो.

घरी शिकवणाऱ्या आईबाबांना मी एवढंच सांगते: दोन्ही बदल एका फेरीत करून घेऊ नका. ‘हॅज’ची फसगत तिथेच होते. पहिल्या फेरीत आतल्या प्रत्येक सर्वनामाखाली पेन्सिलने माणसाचं नाव लिहायचं. ‘आय’खाली नेहा, ‘माय’खाली नेहाची. ‘यू’ आला तर ज्याला सांगितलं त्याचं नाव. नाव लिहिलं की ‘शी’ आणि ‘हर’ आपोआप येतात. दुसऱ्या फेरीत फक्त क्रियापदं अधोरेखित करून मोजायची. दोन असतील तर दोन्ही सरकली पाहिजेत. ‘अँड’नंतरचं दुसरं क्रियापद विसरणं फार नेहमीचं. शेवटी उत्तर मोठ्याने वाचून विचारायचं, “पर्स कुणाची हरवली?” मूल स्वतःकडे बोट दाखवायला लागलं, तर कुठेतरी ‘माय’ राहिलंय. दहा नवी वाक्यं देण्यापेक्षा एका वाक्यावर हे करून घ्या.

शेवटच्या भेटीत ओंकारने तेच वाक्य माझ्यासमोर पुन्हा सोडवलं. नेहा टोल्ड मी दॅट शी हॅड लॉस्ट हर पर्स अँड शी वॉज वेटिंग फॉर हर ब्रदर हिअर. दोन्ही क्रियापदं सरकली होती. माझा चेहरा खुलला, तो त्याने पाहिलाही. पण पेन्सिल खाली ठेवायच्या ऐवजी तो बोट फिरवत जागा मोजायला लागला. सहावर थांबला.

“थांबा मॅडम,” तो म्हणाला, “‘हिअर’ राहिलंय माझं.” आणि खोडून ‘देअर’ लिहिलं.