राखीव किंमत 12 लाख, मग हातात किती?

"वडिलांच्या पश्चात घरात असलेलं एक चित्र लिलावात काढतोय. लिलावगृहाचा अंदाज 8 ते 10 लाखांचा आहे. पण त्याच चित्रकाराचं तेवढ्याच आकाराचं चित्र मागच्या लिलावात साडेबारा लाखांना गेल्याचं त्यांच्याच निकालांत दिसतं. म्हणून मी राखीव किंमत 12 लाख ठेवणार आहे, त्याच्या खाली विकायचं नाही. ते 10 टक्के कमिशन मागतात, मला 8 हवंय. त्या हिशोबाने धाकट्या भावाला त्याचा निम्मा वाटा म्हणून साडेपाच लाख, लिलावानंतर 15 दिवसांत देईन असं लिहूनही दिलंय. कमिशन 8 वर कसं आणू?"

कमिशनचं लगेच उरकतो. मागून बघा, मिळालं तर घ्या. 10 लाखांच्या बोलीवर त्यातून फक्त 20 हजार वाचतात. भावाला दिलेला कागद तुम्हाला त्याच्या कितीतरी पट महागात पडणार आहे.

आधी ते साडेबारा लाख. लिलावगृहं निकालात सहसा खरेदीदाराने मोजलेली रक्कम छापतात, म्हणजे हातोडा पडला तेव्हाची बोली अधिक खरेदीदाराचा प्रीमियम. अंदाज आणि राखीव किंमत मात्र नुसत्या बोलीवर ठरतात. त्यांच्या नियमावलीत प्रीमियमचा दर बघा. तो 25 टक्के असेल, तर साडेबाराला सव्वाने भागा. उत्तर बरोबर 10 लाख येतं. बोली ठरलेल्या टप्प्यांनीच चढते, त्यामुळे भागाकार असा गोल आला की छापलेल्या आकड्यात प्रीमियम बहुधा धरलेला आहे हे ओळखावं. वरचे अडीच लाख लिलावगृहाचे, त्यातलं विकणाऱ्याला काही मिळत नाही.

प्रीमियम खरेदीदार भरतो म्हणून तो त्याच्याच खिशातून जातो, हाही भ्रमच. लंडनच्या ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी 1975 मध्ये तो 10 टक्क्यांनी सुरू केला. मुरलेला खरेदीदार सगळं धरून किती मोजायचं ते आधी ठरवतो आणि त्यातून प्रीमियम वजा करून आपली शेवटची बोली काढतो. त्याचं बजेट साडेबारा असेल तर तो 10 वर थांबणारच. तुमची राखीव किंमत 12 असेल, तर तेच चित्र घ्यायला त्याला 15 लाख मोजावे लागतील.

पण लिलावगृह 12 ला बहुधा तयारच होणार नाही, कारण राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर न ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ती फार तर 8 लाख. हट्टाने वर ठेवलीत, तर चित्र न विकता परत येईल. विमा आणि छायाचित्रणाचा खर्च तरीही लागेल, काही करारांत न विकल्याचं शुल्कही राखीव किमतीच्या टक्केवारीने आकारतात. शिवाय पडून राहिलेल्या चित्राची बातमी खरेदीदारांत पसरते आणि पुढच्या खेपेला अंदाज खाली येतो.

आता हिशोब मांडू. विमा दीड टक्का आणि छायाचित्रण 10 हजार धरू, तुमच्या करारातले आकडे त्या जागी टाका. बोली 10 लाखांवर थांबली तर कमिशन 1 लाख, विमा 15 हजार, छायाचित्रण 10 हजार. हातात पावणेनऊ. भावाला साडेपाच दिलेत की तुम्हाला सव्वातीन उरतात. बोली जेमतेम राखीव 8 वर संपली तर हातात सुमारे 7 लाख आणि तुमचा वाटा दीड लाख! कमिशनवर कर लागत असेल तर याहून कमी. तुमच्या मनातले 12 लाख खरोखर आले, तरी हातात साडेदहा पडतात आणि निम्मे सव्वापाच होतात. साडेपाच कुठून आले ते उघड आहे: 12 मधून, अजून न मिळालेलं 8 टक्के कमिशन तेवढं वजा करून. विक्री झालीच नाही तर काय, याबद्दल त्या कागदात काही आहे का?

15 दिवसांचं वचनही तसंच. लिलावगृह साधारण महिना-सव्वा महिन्याने पैसे देतं, तेही खरेदीदाराने भरले तरच.

तेव्हा लिलावगृहाच्या करारावर सही करण्यापूर्वी भावासोबत बसा आणि कागद बदलून घ्या. ठरावीक रकमेऐवजी "लिलावगृहाकडून प्रत्यक्ष मिळालेल्या निव्वळ रकमेचा निम्मा हिस्सा, रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत" असं लिहा. चित्र विकलं गेलं नाही तर खर्चही निम्मा-निम्मा, हेही त्यातच. क्रम महत्त्वाचा आहे, कारण करारावर सही झाल्यानंतर चित्र मागे घ्यायला बहुतेक ठिकाणी दंड असतो.

लिलावगृहाशी भाव करायचाच असेल तर दोन कलमांवर करा. न विकल्याचं शुल्क काढून टाकायला लावा. आणि लिलावकर्त्याला राखीव किमतीच्या 10 टक्के खाली विकण्याची मुभा देणारं कलम आहे का, ते बघा. असेल तर तुमचे राखीव 8 लाख प्रत्यक्षात 7 लाख 20 हजार आहेत. ते खोडायला सांगा, नाहीतर फरक लिलावगृह भरून देईल असं लिहून घ्या.