दाबायला काही होतं का?

"मॅडम, कॉर्टिसोल जास्त की कमी, नेमकं हेच उलटंपालटं व्हायलंय. तक्ता पाठ आहे, पण 'डेक्सामेथासोननंतर कॉर्टिसोल कमी' असं वाचलं की हात ॲडिसनवर जातोय. पीजीच्या मॉकमध्ये तीनदा असंच चुकलो."

तो खानापूरचा. इंटर्नशिप संपवून दर शनिवारी सकाळच्या बसनं बेळगावात माझ्याकडं यायचा. वही उघडायला लागला तेव्हा मी म्हटलं, ती मिटून ठेव आणि चुकलेला प्रश्न तोंडी सांग.

प्रश्न असा होता. ५२ वर्षांची बाई. गुडघेदुखीवर वर्षभर कुणाकडून तरी पुड्या घेत होती. चेहरा गोल, पोटावर रुंद जांभळे चट्टे, हातावर जरा धक्का लागला की काळंनिळं. तीन आठवड्यांपूर्वी पुड्या बंद केल्या. आता उलट्या, उभं राहिलं की चक्कर, रक्तदाब ९०/६०. सोडियम १२८, पोटॅशियम ४.२. सकाळी आठचं कॉर्टिसोल १.६ मायक्रोग्रॅम, एसीटीएच कमी. शेवटी एक ओळ होती: रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यावर सकाळचं कॉर्टिसोल १.२.

पहिल्यांदा चेहरा बघून त्यानं कुशिंग डिसीजवर खूण केली होती. मग १.२ दिसल्यावर ती खोडून ॲडिसन केलं. दोन्ही चूक.

"डेक्सामेथासोन कशाला देतात?" मी विचारलं.

"पिट्युटरी गप्प बसते का बघायला."

"मग आधीच गप्प असलेल्याला गप्प करून काय कळणार?"

तो थांबला. रात्री अकराला १ मिलिग्रॅम द्यायचं आणि सकाळी आठ-नऊला कॉर्टिसोल बघायचं, ही परीक्षा एकाच शंकेसाठी आहे: कॉर्टिसोल जास्त तर बनत नाही ना? निरोगी माणसात ते १.८ च्या खाली जातं. त्याच्या वर राहिलं तर कुशिंगचा संशय बळावतो. पण खाली गेलं म्हणून कॉर्टिसोलची कमतरता ठरत नाही. या बाईचं आधीच १.६ होतं, ते १.२ झालं. दाबायला होतंच काय? पेपर काढणारे ही ओळ मुद्दाम घालतात, आणि तक्ता पाठ केलेली मुलं नेमकी तिथंच घसरतात.

कमतरता ओळखायची परीक्षा उलट दिशेची. इथं दाबायचं नाही, उठवायचं: एसीटीएचचं सिंथेटिक रूप २५० मायक्रोग्रॅम टोचून ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसोल चढतं का बघायचं. पण बाई अशी कोसळायच्या बेतात असेल तर त्यासाठी थांबायचं नाही. रक्ताचा नमुना काढून ठेवायचा आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि सलाईन द्यायचं.

"पण मॅडम, चेहरा तर कुशिंगचाच की हो!"

चेहरा कालचा, रक्तदाब आजचा. पुड्यांतल्या स्टेरॉईडनं वर्षभर शरीर कुशिंगसारखं केलं. बाहेरून एवढं मिळत असल्यानं पिट्युटरीनं एसीटीएच सोडणं थांबवलं आणि ॲड्रिनल सुकली. पुडी बंद झाली, पण ग्रंथी महिनोन्महिने जाग्या होत नाहीत. चट्टेही तीन आठवड्यांत कुठं जातात? म्हणून एकाच बाईत दोन्ही चित्रं.

मग मी त्याला ॲडिसन खोडायला लावलं. त्यात ॲड्रिनलच बिघडलेली असते, त्यामुळं एसीटीएच वाढतं आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. अल्डोस्टेरॉनही जातं, म्हणून पोटॅशियम चढतं. इथं एसीटीएच कमी, काळवंडणं नाही. अल्डोस्टेरॉन मुख्यतः रेनिनच्या हुकमात असल्यानं पोटॅशियम जागेवर. सोडियम मात्र उतरलंय, कारण कॉर्टिसोल नसलं की एडीएच वाढतं आणि पाणी साठतं. सोडियम दोन्हीकडं उतरू शकतं, फरक पोटॅशियम सांगतं.

खऱ्या कुशिंगचा प्रश्न आला तर क्रम सोपा: १ मिलिग्रॅमनं दबत नाही, मग एसीटीएच बघ. कमी असेल तर ॲड्रिनलची गाठ. कमी नसेल तरच ८ मिलिग्रॅमची परीक्षा. पिट्युटरीची गाठ थोडंफार ऐकते, कॉर्टिसोल बहुधा निम्म्याहून खाली येतं. फुफ्फुसातली एसीटीएच सोडणारी गाठ सहसा ऐकत नाही. प्रश्नात फेनिटॉइन किंवा रिफाम्पिसिन दिसलं तर मात्र सावध. ती औषधं डेक्सामेथासोन लवकर संपवतात आणि कुशिंग नसतानाही कॉर्टिसोल दबत नाही.

वही न उघडताच तो उठला. दारात थबकून म्हणाला, "मॅडम, आमची मावशी निपाणीला असल्याच पुड्या खायलीय. आज फोन करून बंद करायला सांगू?"

"बंद नको सांगू. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून तिला फिजिशियनकडं घेऊन जा. डोस हळूहळू उतरवावा लागेल."