बुटांच्या जाहिरातीत युके, युरोप आणि सेंटिमीटर: माप कसे लिहावे?

प्रश्न: "आम्ही पुरुषांचे चामड्याचे बंद बूट ऑनलाइन विकतो. नेटवरचा तक्ता जसाच्या तसा टाकला आहे, तरी युरोपातून 'साईज बसत नाही' म्हणून माल परत येतो. चूक कुठे आहे?"

चूक बहुधा तक्त्याच्या पूर्णांकांत आहे. युकेचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिमी; युरोपचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे ६.७ मिमी. पायऱ्याच वेगळ्या उंचीच्या असल्याने दोन्ही जिने प्रत्येक पायरीला जुळणार नाहीत. शिवाय हे दोन्ही नंबर पायाचे नसून बूट ज्यावर ओढून शिवतात त्या फर्म्याचे असतात, आणि बंद बुटात फर्मा पायापेक्षा साधारण दीड सेंटिमीटर लांब असतो.

२५.६ सेंमी पायाचे उदाहरण घ्या. फर्मा २७.१ सेंमी. त्याची दीडपट केली की युरोपचा नंबर ४०.६ येतो, तेच माप इंचांत बदलून तिप्पट करून २५ वजा केले की युके ७ येतो. याच रीतीने युके ६ म्हणजे ३९.४ आणि युके ८ म्हणजे ४१.९. पूर्णांक करताच ६ ला ३९, ७ ला ४१ आणि ८ ला ४२ मिळतात. ४० गायब होतो. मीही सुरुवातीला ४० वापरणाऱ्या ग्राहकाला निमूटपणे ७ नंबर पाठवत असे, आणि टाच निसटते म्हणून जोडी परत येत असे. अर्धे नंबर नसतील तर "४० साठी आमच्याकडे नेमके माप नाही" असे लिहिणे स्वस्त पडते.

म्हणून प्रत्येक नंबरासमोर पायाची लांबी आधी लिहा, आणि ती पायाची आहे, बुटाच्या तळाची नाही, हे स्पष्ट करा. ग्राहकाला संध्याकाळी, टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभे राहून, सर्वांत लांब बोटापर्यंत दोन्ही पाय मोजायला सांगा. मोठा पाय ग्राह्य धरावा. (बसून मोजलेला पाय हमखास लहान भरतो.)

रुंदीची अक्षरे मात्र एकटी टाकू नका. अमेरिकेत 'डी' पुरुषांसाठी सामान्य रुंदी आहे, तर स्त्रियांसाठी तीच रुंद समजली जाते. त्याऐवजी चवड्याचा घेर द्या, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या सांध्यांवरून फिरवलेली टेप, आणि बुटाचा स्वभाव सांगा. माझी नोंद अशी असते:

"युके ७, युरोप ४०.६. पायाची लांबी २५.३ ते २५.८ सेंमी. चवड्याचा घेर २४.५ सेंमीपर्यंत आरामात. पुढचा भाग निमुळता. चामडे वापराने रुंदीत थोडे सैल होते, लांबीत नाही."

घेराचा आकडा तक्त्यावरून घेऊ नका. त्याच नंबराची जोडी वेगवेगळ्या रुंदीच्या चार-पाच पायांत घालून पाहा आणि करंगळीजवळ चामडे जिथे फुगू लागते तिथे मर्यादा ठरवा.